जुनं Data फोल्डर चालू बिलांवर पडलं तेव्हा

परळला माझं हार्डवेअर आणि प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे. ६ जुलै २०२४, शनिवार. एका कंत्राटदाराला मे महिन्यात सीपीव्हीसी पाइपचा भाव काय होता ते हवं होतं. भाव नंतर बदलला होता. ११ मेचा बॅकअप पेनड्राइव्हवर होता, पण आमचं बिलिंग सॉफ्टवेअर फक्त `D:\Billing\Data` हेच फोल्डर उघडतं. म्हणून मी पेनड्राइव्हवरचं Data उचलून `D:\Billing` मध्ये पेस्ट केलं. विंडोजने विचारलं, मी `Replace the files in the destination` दाबलं.

सॉफ्टवेअर उघडलं, भाव मिळाला, गिऱ्हाइकाला सांगून टाकला. गडबड अर्ध्या तासाने कळली. दुकानातला मुलगा म्हणाला, "शेठ, बिल नंबर ४८९ कसा आला? सकाळी तर १०९८ होता." तोवर त्याने ४८७, ४८८ आणि ४८९ अशी तीन बिलं फाडून दिली होती. हे तिन्ही नंबर मे महिन्यातच दुसऱ्यांच्या बिलांवर गेलेले होते.

पहिलं काम म्हणजे सॉफ्टवेअर बंद करणं. बिलं थांबवता येत नव्हती, म्हणून छापील बिलबुक काढलं आणि `M/24-25/001` पासून वेगळी मालिका सुरू केली. जीएसटीत एकाहून जास्त मालिका चालतात. प्रत्येक मालिकेत नंबर सलग हवेत, एका आर्थिक वर्षात तोच नंबर पुन्हा येता कामा नये आणि नंबर १६ अक्षरांपेक्षा लांब नको. त्यानंतर बिघडलेलं Data फोल्डर जसंच्या तसं दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून ठेवलं. दुरुस्ती करताना आणखी काही मोडलं, तर निदान या ठिकाणी परत येता येतं.

फाइल परत मिळवण्याचे दोन उपाय करून पाहिले. रिप्लेस झालेली फाइल रीसायकल बिनमध्ये जातच नाही. फोल्डरवर राइट क्लिक करून `Properties` मधलं `Previous Versions` पाहिलं. ते रिकामं निघालं, कारण सिस्टिम प्रोटेक्शन D ड्राइव्हवर कधी चालूच केलेलं नव्हतं. आमच्या कॉम्प्युटरला एसएसडी आहे. त्यात सोडलेली जागा विंडोज ट्रिम या आदेशाने लगेच मोकळी करायला सांगतं, म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअरलाही काही सापडलं नाही. जुनी हार्ड डिस्क असती तर मी कॉम्प्युटर तिथेच बंद केला असता आणि डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली असती. त्यात आशा असते.

मग फोल्डरमध्ये नक्की काय गेलं ते शोधलं, आणि इथे थोडा दिलासा मिळाला. कॉपी केलेल्या फाइलला तिची जुनी `Date modified` तशीच राहते. त्यामुळे तारखांचा रकाना बघून सगळं कळलं. आमचं सॉफ्टवेअर दर महिन्याची बिलं वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं. `Bill_0424.mdb` दोन्हीकडे सारखीच होती. `Bill_0524.mdb` वर ११ मे तारीख होती, म्हणजे १२ ते ३१ मेची बिलं गेली. `Bill_0624` आणि `Bill_0724` पेनड्राइव्हवर नव्हत्याच, म्हणून त्यांना धक्का लागला नाही. पाचवी फाइल `Master.mdb`. तिच्यावर आजची तारीख दिसत होती, कारण सॉफ्टवेअर उघडताच तिच्यात काहीतरी लिहितं. पण आतला मजकूर ११ मेचाच होता: पार्ट्या, मालाची यादी आणि पुढचा बिल नंबर.

सगळ्यात मोठा धोका याच मास्टरमध्ये होता. जूनच्या बिलात पार्टीचं नाव लिहिलेलं नसतं, कोड असतो. ११ मेनंतर मी ९ नव्या पार्ट्या उघडल्या होत्या. जुन्या मास्टरमध्ये त्या नव्हत्या, म्हणून त्यांच्या बिलांवर नावाची जागा कोरी दिसत होती. मुलाने तिसरं बिल करताना कंत्राटदार यादीत सापडला नाही म्हणून त्याला नव्याने घातलं. सॉफ्टवेअरने त्याला पुढचा मोकळा कोड दिला, २१४. खरा २१४ हा जूनमध्ये माल नेलेल्या एका सोसायटीचा होता. त्या क्षणापासून सोसायटीची जूनची सगळी बिलं कंत्राटदाराच्या नावावर दिसायला लागली. एररही येत नाही, बेरीजही बरोबर येते. जूनच्या विक्रीचं रिटर्न, म्हणजे जीएसटीआर-१, असंच ११ जुलैच्या आत भरलं असतं, तर सोसायटीची बिलं कंत्राटदाराच्या जीएसटी नंबरवर गेली असती.

सीए मॅडमनी सांगितलं, "घाईने एकही पार्टी घालू नका. आधी क्रम लावा." `D:\Billing\PDF` हे वेगळं फोल्डर आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या बिलांच्या पीडीएफ तिथे साठतात, आणि त्याला काही झालं नव्हतं. जूनच्या बिलातला कोड आणि त्याच नंबरच्या पीडीएफवरचं नाव जुळवत गेलो की २१४ कोण, २१५ कोण ते कळतं. मग पेनड्राइव्हवरचा शुद्ध ११ मेचा मास्टर पुन्हा आणला, या वेळी फक्त ती एक फाइल, आणि ९ पार्ट्या त्याच क्रमाने घातल्या. नव्या १७ वस्तूंचंही तसंच केलं. दर दोन-तीन नोंदींनंतर जूनचं एक बिल उघडून पीडीएफशी ताडून पाहिलं.

मेची गेलेली बिलं ४८७ ते ७०२, म्हणजे २१६. मेचं जीएसटीआर-१ जूनमध्येच भरलेलं होतं. सीए मॅडमकडच्या अपलोडच्या फाइलमधून व्यापाऱ्यांची ३१ बिलं नंबर, तारीख आणि रकमेसकट मिळाली. किरकोळ गिऱ्हाइकांची १८५ उरली. रिटर्नमध्ये त्यांची फक्त एकत्र बेरीज जाते. पण तीच बेरीज कामाला आली. मेची किरकोळ विक्री कर सोडून ३,९१,६४० रुपये होती. त्यातून ११ मेपर्यंतची १,३८,२१५ वजा केली, पीडीएफ मिळालेल्या १२१ बिलांची १,७१,८९० वजा केली. राहिले ८१,५३५. आमच्या सगळ्या मालावर १८ टक्के कर, म्हणून उरलेल्या ६४ बिलांची करासकट बेरीज ९६,२११ च्या आसपास यायला हवी. यूपीआयचा स्टेटमेंट आणि गल्ल्याची वही घेऊन बसलो. ६३ बिलं जुळली आणि ५९० रुपये कमी पडले. ते उधारीच्या वहीत सापडले. पैसे जूनमध्ये आले होते.

ही सगळी बिलं मूळ नंबर हाताने टाकून, मूळ तारखेने चढवली. शेवटी मास्टरमधला पुढचा नंबर १०९९ केला. शनिवारच्या तीन बिलांपैकी कंत्राटदाराला आणि एका ओळखीच्या गिऱ्हाइकाला बोलावून बिलं बदलून दिली. तिसरा माणूस ठाऊक नव्हता. त्याची विक्री ११०१ नंबरवर घेतली आणि तसं वहीत सहीनिशी लिहून ठेवलं. १० जुलैला जूनचं रिटर्न गेलं.

एक गोष्ट परत आली नाही. त्या ६४ बिलांत नेमका कोणता माल गेला, ते ना यूपीआयमध्ये असतं ना वहीत. ती बिलं मी 'किरकोळ हार्डवेअर' या एका वस्तूखाली घातली, आणि साठ्याचा आकडा रविवारी दुकान बंद ठेवून मोजून लावला. एल्बो, टी, कपलिंगच्या पेट्या मोजायला दोघांना सहा तास लागले.

जुना बॅकअप बघायचा असेल तर आता सॉफ्टवेअर बंद करून आधी चालू फोल्डरचं नाव बदलतो:

```
ren D:\Billing\Data Data_chalu
```

मगच पेनड्राइव्हवरचं Data आणतो. नाव मोकळं असल्यामुळे विंडोज रिप्लेसचं विचारतच नाही. विचारलं, तर नाव बदललेलं नाही असं समजून कॉपी तिथेच रद्द करतो. बघून झालं की जुन्याचं नाव `Data_juna` करतो आणि `Data_chalu` ला परत `Data` म्हणतो. बिल करण्याआधी मुलगा पुढचा नंबर मोठ्याने वाचतो.