दिवाणजींचा डावा हात

मार्च सुरू झाला की सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे जोरात असतात. त्या दिवसांत अडत दुकानांतले दिवाणजी रात्री नऊ-दहापर्यंत गादीवरून हलत नाहीत. त्यांच्यातलेच एक, अठ्ठावन्न वर्षांचे काका, एका सोमवारी सकाळी माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत आले. हातात फाईल होती आणि चेहऱ्यावर दोन रात्रींचं जागरण.

शनिवारी पहाटे तीनला त्यांना जाग आली तेव्हा डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या. डावा हात म्हटल्यावर घरच्यांनी धसका घेतला आणि तसंच रिक्षात घालून मिरजेला दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. साखरही नव्हती. घरच्यांनी केलं ते योग्यच केलं. छातीत काही वाटत असेल, घाम येत असेल तर आधी हृदयच बघायला हवं. पण काकांच्या मनातली भीती काही गेली नव्हती.

“काका, मुंग्या नेमक्या कुठं येतात?”

“अख्ख्या हाताला, मॅडम.”

बहुतेक पेशंट असंच सांगतात. म्हणून मी कापसाचा बोळा घेतला, त्यांना डोळे मिटायला लावले आणि एकेका बोटावरून तो फिरवला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट ठीक होतं. करंगळीवर आल्यावर म्हणाले, “इथं जाड लागतंय, कापडावरून हात फिरवल्यागत.” मग मी अनामिकेवर गेले. या एका बोटाला मी नेहमी वेळ देते. मधल्या बोटाकडची तिची बाजू अगदी स्वच्छ होती आणि करंगळीकडची बधिर. एकाच बोटाच्या दोन कडा वेगळ्या लागताहेत हे काकांना स्वतःलाच खरं वाटेना. त्यांनी डोळे उघडून पुन्हा करायला लावलं.

त्या बोटाला दोन नसा वाटून घेतात. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू अल्नर नावाच्या नसेकडे असते. नस मानेत दबली असती तर बधिरपणा सहसा बोटाच्या मधोमध रेघ ओढल्यासारखा दुभागत नाही, आणि कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूलाही काही जाणवलं असतं. तिथं काहीच नव्हतं, मान फिरवूनही फरक पडत नव्हता. मनगटाशी दबली असती तर तळहाताच्या मागची, करंगळीकडची कातडी वाचली असती, कारण तिला जाणारी फांदी मनगटाच्या आधीच सुटते. काकांची तीही जाड लागत होती. म्हणजे अडचण वर, कोपराशी.

कोपर आपटलं की करंट लागल्यासारखं होतं ना, तीच ही नस. कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा उंचवटा आहे, त्याच्या मागच्या खोबणीतून ती जाते. वरून पातळ पडद्याचं छप्पर असतं; त्या बोळाला क्युबिटल टनेल म्हणतात. तिथं नसेवर मांस नाही, चरबी नाही. मी काकांना कोपर पूर्ण वाकवून, मनगट सरळ ठेवून बसवलं आणि घड्याळ लावलं. चाळीस सेकंदांत ते म्हणाले, “आली बघा, तीच आली.”

नंतर ताकद बघितली. दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत कागद धरायला लावून ओढला. ही नस कमजोर झाली की माणूस अंगठ्याचं पेर वाकवून कागद धरतो. काकांचा अंगठा सरळ राहिला. अंगठा आणि तर्जनीमधला मांसाचा फुगवटाही दोन्ही हातांना सारखा होता. तो खचलेला दिसला असता किंवा बधिरपणा चोवीस तास असता, तर मी त्यांना त्याच दिवशी नसेची तपासणी आणि सर्जनकडे पाठवलं असतं. तिथं थांबून राहणं म्हणजे स्नायू गमावणं.

“बसता कसे ते दाखवा,” म्हटल्यावर काकांनी टेबलाचं डेस्क केलं. उजव्या हातात पेन, डावं कोपर लाकडावर टेकलेलं आणि त्याच हाताने फोन कानाला. शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या होईपर्यंत तासन्‌तास असंच. वरून लाकूड दाबतंय आणि आतून वाकलेलं कोपर नस ताणतंय. कारण सापडलं या आनंदात मी डेस्कवर जाड गादीचा तुकडा ठेवायला, फोन स्पीकरवर घ्यायला आणि कोपर न टेकवायला सांगितलं. झोपेचं विचारलं ते एवढंच, “झोप कशी लागते?” ते म्हणाले, छान.

दोन आठवड्यांनी ते आले तेव्हा दिवसाच्या मुंग्या निम्म्याने कमी होत्या. पहाटेच्या मात्र जशाच्या तशा. त्या दिवशी काकू बरोबर होत्या. मी पुन्हा झोपेवर आले तेव्हा त्याच म्हणाल्या, “हात उशाखाली दुमडून झोपायची लग्नापासूनची सवय आहे यांची. उशी असली तरी हात पाहिजेच.”

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. ज्याला मुंग्या पहाटे उठवतात त्याची झोप लागते कशी यापेक्षा हात कसा असतो हे महत्त्वाचं. कोपर वाकलं की नस ताणते, बोळ अरुंद होतो आणि नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात. जागेपणी आपण हात झटकून मोकळा करतो. झोपेत तो तीन-चार तास तसाच राहतो, वर डोक्याचा भार.

मग टॉवेल. घडी घालून कोपराभोवती गुंडाळायचा, म्हणजे कोपराच्या खळगीत जाडी येते आणि हात दुमडता येत नाही. अगदी ताठ करायचा नाही, ताठ हाताने कोणी झोपू शकत नाही. 30 ते 45 अंशांचा बाक चालतो. बांधणी इतकी सैल की खालून दोन बोटं सहज जावीत. तीन दिवसांनी काकूंचा फोन आला, उकाड्याने ते रात्री टॉवेल काढून फेकतात. त्याआधीच्या रात्री त्यांनी क्रेप बँडेज आवळून बांधलं होतं आणि सकाळी पंजा सुजला होता. बँडेज बंद करायला लावलं. शेवटी काकूंनीच जुन्या सुती धोतराची घडी करून वरून सैल नाडी शिवली. छातीशी एक उशी दिली, डावा हात तिच्यावर ठेवायचा. ते टिकलं.

नसेला ताण देणारे व्यायाम मी त्यांना मुद्दाम दिले नाहीत. चिडलेली नस आणखी ओढली की ती जास्त चिडते. पुतण्याने मोबाईलवर दाखवलेला तसला एक व्यायाम काका करत होते, तोही थांबवला.

तीन आठवड्यांनी पहाटेची जाग थांबली. सहा आठवडे झाले तेव्हा कापूस अनामिकेच्या दोन्ही कडांना जवळपास सारखा लागला, करंगळीच्या टोकाला किंचित जाड. एव्हाना काहीच फरक नसता तर मी नसेची तपासणी करायला सांगणार होते. धोतराची घडी मात्र तीन महिने पुरे होईपर्यंत सोडायची नाही, असं ठरलं.

निघताना काकू सहज म्हणाल्या, “डावा आता निजल्यावरपण सरळ राहतो, मॅडम. उशाखाली हल्ली उजवा घेतात.”

मी काकांना परत खुर्चीवर बसवलं आणि उजव्या अनामिकेवर कापूस फिरवला. दोन्ही कडा सारख्या होत्या. दुसऱ्या धोतराची घडी कशी घालायची ते काकूंना आता सांगावं लागलं नाही.