आमची वाटचाल : काकांचे वीस लाख आणि बँकेचा हिशोब

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, वडिलांनी सुरू केलेलं. ऑर्डरी येत होत्या पण जुने लूम पुरे पडेनात, म्हणून नवीन लूमसाठी ३० लाखांचं टर्म लोन मागायला बँकेत गेलो. मला वाटायचं हप्ता कधी चुकला नाही, म्हणजे लोन मिळणारच. मॅनेजर साहेबांनी बॅलन्सशीट उघडली आणि पेन्सिलीनं बाजूला दोनच आकडे काढले.

पहिला, कर्ज किती आणि आपलं भांडवल किती. भांडवल ४० लाख, बँकेचं कॅश क्रेडिटचं कर्ज आणि जुनं लोन मिळून ६० लाख, आणि काका अन् मेहुण्यांकडून घेतलेले ३० लाख. हे घरचे पैसे मी कधी कर्ज म्हणून धरलेच नव्हते हो, पण कागदावर ते कर्जच. म्हणजे ४० वर ९०, सव्वादोन पट, आणि नवीन लोन धरलं की तिप्पट. साहेब म्हणाले, दोनच्या वर गेलं की आम्हाला जपून बघावं लागतं, कारण धंदा बसला तर आधी तुमचं भांडवल जातं, मग आमचे पैसे, आणि तुमचा थर पातळ आहे.

दुसरा, नफा व्याजाच्या किती पट आहे. हा आकडा मला जास्त लागला. व्याज आणि टॅक्सच्या आधीचा नफा १४ लाख, व्याज बँकेचं ६ आणि घरच्यांचं १२ टक्क्यांनी ३.६, म्हणजे दीडपट पण नाही. नवीन लोनचं ३ लाख व्याज वाढलं की १४ ला १२.६, जेमतेम १.१. सुताचा भाव थोडा चढला की व्याजालाच पैसे नाहीत. आणि हप्त्यातली मुद्दल तर यात धरलेलीच नाही, ती ते वेगळी बघतात.

घरी येऊन काकांशी बोललो. काका म्हणाले, "माझे वीस लाख भांडवलात घाल, मला पार्टनर कर." पार्टनरशिप डीड बदललं, मेहुण्यांनी बँकेचं लोन फिटेपर्यंत दहा लाख काढणार नाही असं लिहून दिलं. आता भांडवल ६०, कर्ज नवीन धरून १००, म्हणजे १.६७. मेहुण्यांचे दहा मी मुद्दाम कर्जातच धरलेत, काही बँका असं पत्र असलं की ते भांडवलासारखे धरतात पण सगळ्या नाही. व्याज १०.२ वर आलं आणि नवीन लूमचा घसारा वजा जाता वाढणारा ५ लाख नफा धरून १९, म्हणजे १.८६.

साहेबांनी लगेच विचारलं, हे ५ लाख कशावरून? मी लेखी ऑर्डरी आणि लूमचं कोटेशन घेऊन गेलो, कोऱ्या अंदाजावर ते हलले नसते. शिवाय लूम बसेपर्यंत नफा १४ च आणि व्याज मात्र चालू, तेवढ्या काळात १.३७ च राहतं, म्हणून मुद्दलीला सहा महिने सूट मागितली, ती मिळाली. व्याज पहिल्या महिन्यापासून भरलं. काका आता दर सोमवारी युनिटवर येतात आणि सुताची बिलं स्वतः तपासतात.