गोळीच्या नावामागची शेपटी आणि माझा क्रिएटिनचा डबा

माझं वय ४७. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेब लिहितो, म्हणजे दिवसाचे नऊ तास बूड हलत नाही. चार वर्षांपूर्वी साखर निघाली, त्याच्या पुढच्या वर्षी बीपी. सकाळी बीपीची एक गोळी, दोन वेळा मेटफॉर्मिन, एवढाच माझा औषधांचा संसार. गेल्या वर्षी फेब्रुवारीत विश्रामबागेत घराजवळच्या जिमला जायला लागलो. दीड महिना बरा गेला, मग ट्रेनर म्हणाला, "काका, आता क्रिएटिन चालू करा. ताकद वाढत्या." क्रिएटिन म्हणजे जिममधली पोरं ताकदीसाठी घेतात ती पूड.

मी त्याला सांगितलं की मला बीपी आणि शुगर दोन्ही आहे. "कसली गोळी?" "बीपीची." "मग काय होत न्हाई ओ. फक्त पाणी भरपूर प्या, पाच लिटर तरी." पोरगा वाईट नाही. त्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्यानं सांगितलं. खरी गोम अशी की मी घेत होतो ती गोळी कसली, हे मलाच ठाऊक नव्हतं.

डब्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, उच्च रक्तदाब असेल किंवा लघवी वाढवणारं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. हे मी वाचलं, पण नंतर, डबा अर्धा झाल्यावर.

पहिला आठवडा 'लोडिंग'चा, म्हणजे सुरुवातीच्या जास्त मात्रेचा: दिवसाला चार चमचे, म्हणजे २० ग्रॅम. पाणी पाच लिटर, मोजून. नवव्या दिवशी दुपारी पेढीवर डोकं जड झालं, मळमळायला लागलं, आकडे डोळ्यांपुढे हलायला लागले. साखर उतरली असेल म्हणून घरी येऊन यंत्रावर बघितली तर १४८. बायको म्हणाली, "अहो, तीन महिन्यांची तपासणी तशीही आलीच आहे, आत्ताच करून टाका." सोमवारी सकाळी रक्त दिलं. आदल्या दिवशी रविवार होता, दुपारी मटण झालं होतं. शनिवारी पायांचा व्यायाम झाला होता, आणि गुडघा दुखत होता म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅकच्या दोन गोळ्याही घेतल्या होत्या. हे सगळं इथं सांगतोय कारण पुढे डॉक्टर मॅडमनी यातलं एकेक विचारून घेतलं.

रिपोर्टात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम जोखायला रक्तात मोजतात तो कचरा, १.५. जानेवारीत ते १.१ होतं. खाली ईजीएफआर म्हणून आकडा असतो, मूत्रपिंडं किती गाळतात त्याचा अंदाज. तो ८३ वरून ५७ वर. शिवाय सोडियम १३२, जे १३५ च्या वर असायला हवं. लॅबवाल्या पोरानं ५७ च्या पुढे बाण छापला होता. तो बाण बघून मी रात्रभर जागा होतो. आमच्या चुलत्यांचं डायलिसिस मी मिरजेला नेऊन-आणून बघितलेलं आहे.

मॅडम आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टर. रिपोर्ट बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "नवीन काय चालू केलंय?" सांगितलं. मग त्यांनी माझी गोळ्यांची पाकिटं मागितली आणि बीपीच्या गोळीचं पाकीट उलटं करून माझ्यापुढे धरलं. "वाचा." टेल्मिसार्टन ४०, आणि खाली दुसरी ओळ: हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५. "ही दुसरी म्हणजे लघवीची गोळी. एकाच गोळीत दोन औषधं आहेत. नावाला शेवटी एच लावलेला असतो, तो हाच." दोन वर्षं ती गोळी रोज गिळत होतो. लघवीची गोळी म्हणजे पाय सुजलेल्या हृदयाच्या पेशंटला देतात तीच, असा माझा समज.

आधी सोडियमचं. माझी समजूत अशी की लघवीची गोळी पाणी काढते, म्हणून जास्त पाणी प्यावं. मॅडम म्हणाल्या, ही गोळी पाण्याबरोबर मीठही काढते, आणि जास्तीचं पाणी बाहेर टाकायची मूत्रपिंडांची ताकद कमी करते. अशात वरून पाच लिटर ओतलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. डोकं जड, मळमळ, आकडे हलणं हे त्यातूनच असणार. आणखी उतरलं असतं तर भ्रम किंवा झटकेही येऊ शकतात. "ट्रेनरनं पाणी सांगितलं ते धडधाकट पोरांच्या हिशेबानं. तुमच्या गोळीच्या हिशेबानं नाही." उलटा धोकाही असतोच. एप्रिलच्या उन्हात घाम गेला, पाणी कमी पडलं आणि गोळी चालूच राहिली की माणूस उभं राहताना गरगरतो. म्हणून त्यांनी माझं बीपी बसून आणि मग उभं करून असं दोनदा मोजलं. फारसा फरक नव्हता.

आता क्रिएटिनिन. हे समजायला मला दोन भेटी लागल्या. क्रिएटिन म्हणजे डब्यातली पूड, जी शरीरातही असते आणि मटण-मासळीतही. क्रिएटिनिन हा तिचा कचरा. स्नायूतल्या क्रिएटिनचा थोडासा भाग रोज आपोआप क्रिएटिनिन होतो आणि मूत्रपिंडं तो बाहेर टाकतात. रक्तात तो वाढला की मूत्रपिंडं नीट गाळत नाहीत असा आपण अर्थ लावतो. पण मीच कचऱ्याचा कच्चा माल वाढवला तर गाळणी ठीक असूनही आकडा चढणार. वर शनिवारचा व्यायाम आणि रविवारचं मटण, दोन्हीनं तो काही काळ वाढतो.

"मग हा ५७ खोटा का?" मी जरा खूष होऊन विचारलं.

"ते मला आज सांगता येत नाही. अडचण तीच आहे."

कारण माझ्या बाबतीत खरं बिघडायलाही जागा होती. त्यांनी ते उसाच्या पाटावरून समजावलं. मूत्रपिंडाच्या बारीक गाळणीला एका बाजूनं रक्त येतं, दुसऱ्या बाजूनं जातं, आणि आतल्या दाबानं गाळलं जातं. लघवीची गोळी पाटात येणारं पाणीच कमी करते. डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी वरचं दार आवळते. टेल्मिसार्टन खालचं दार सैल करतं. एरवी ते चांगलंच, मधुमेह्याच्या मूत्रपिंडांना त्यानं संरक्षण मिळतं. पण तिन्ही एकदम झाली की गाळणीत दाबच उरत नाही, आणि क्रिएटिनिन खरोखर चढतं. पूड आणि दुखण्याची गोळी, दोघांचाही परिणाम कागदावर एकाच आकड्यात दिसतो. माझा युरिया मात्र नेहमीसारखाच होता. पाणी कमी पडून गाळणी मंदावली की बहुधा तोही चढतो, त्यामुळे त्यांचा कल पुडीकडे होता. पण कल म्हणजे निदान नव्हे.

त्यांनी लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी करून घेतली. मधुमेहानं मूत्रपिंडाला खरी इजा होते तेव्हा लघवीतून प्रथिन गळायला लागतं, आणि पूड घेतल्यानं ते गळत नाही. माझा आकडा १४ आला, ३० च्या आत ठीक. सिस्टॅटिन सी नावाची आणखी एक तपासणी आहे, तिच्यावर स्नायू-मटण-पुडीचा असा परिणाम होत नाही. ती महाग, म्हणून गरज पडली तर करू असं ठरलं.

मग आदेश. पूड बंद, दुखण्याची गोळी बंद, पाणी तहानेपुरतं. बीपीची गोळी बदलून टेल्मिसार्टनबरोबर अम्लोडिपिन. चार दिवसांनी सोडियम, महिन्यानं क्रिएटिनिन, आणि त्याआधी दोन दिवस व्यायाम नाही, आदल्या दिवशी मटण नाही. मेटफॉर्मिनला त्यांनी हात लावला नाही. ईजीएफआर ४५ च्या खाली गेला तर मात्रा कमी करतात आणि ३० च्या खाली बंदच करतात, तिथवर मी नव्हतो. पण ज्याचा मुळात ५० आहे त्यानं पूड घेऊन न सांगता रक्त दिलं, तर नुसत्या फुगलेल्या आकड्यापायी त्याचं चांगलं चाललेलं औषध कमी व्हायचं.

सोडियम चार दिवसांत १३७ झालं. महिन्यानं क्रिएटिनिन १.१. पूड आणि दुखण्याची गोळी एकदमच बंद केल्यामुळे कशानं उतरलं ते आजही खात्रीनं सांगता येत नाही. पण जानेवारीचा रिपोर्ट हातात होता म्हणून निदान 'कुठून चढलं' ते कळलं. तो नसता तर १.५ हाच माझा मूळ आकडा धरला गेला असता.

त्या महिन्यात एक उद्योग केला. पेढीवर हळदीच्या नमुन्याचा छोटा काटा असतो, त्यावर डब्यातला चमचा तोलला. सपाट भरला तर पाच ग्रॅम. मी भरायचो तसा शीग लावून भरला तर ७.२. म्हणजे माझं २० ग्रॅमचं लोडिंग जवळजवळ २९ ग्रॅमचं होतं! मॅडमना सांगितलं तर हसल्या नाहीत.

शेवटी परवानगी मिळाली, जूनमध्ये, ऊन उतरल्यावर: रोज ३ ग्रॅम, लोडिंग अजिबात नाही. स्नायू तसेही साधारण चार आठवड्यांत भरतात, घाई कशाला. अट अशी की जुलाब-उलट्या-ताप आला तर त्याच दिवशी पूड थांबवायची आणि गोळ्यांचं काय करायचं ते त्यांना फोन करून विचारायचं. गुडघा दुखला तर मनानं गोळी घ्यायची नाही. आणि पायाला सूज आली तर 'पुडीचं पाणी असेल' म्हणून सोडून द्यायचं नाही. अम्लोडिपिननंही घोट्याला सूज येते, आणि पुडीचं पाणी भरतं ते स्नायूत, घोट्यात नाही.

मला मिळाली म्हणून सगळ्यांना मिळते असं नाही. तालमीतले आमचे एक अण्णा, वय ५५, शुगर पंधरा वर्षांची, माझं ऐकून तेही मॅडमकडे गेले. त्यांचं क्रिएटिनिन १.२, बघायला ठीकच. पण लघवीतलं अल्ब्युमिन २४० आलं. मॅडमनी त्यांना सरळ नाही म्हटलं आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. अण्णा महिनाभर माझ्याशी नीट बोलत नव्हते.

सहा आठवड्यांनी माझं क्रिएटिनिन १.२, ईजीएफआर ७५. मॅडमनी जुन्या कागदाशेजारी ठेवून बघितलं आणि पुढे चालू ठेवायला सांगितलं. आता रक्त द्यायला गेलो की फॉर्मवर औषधांच्या रकान्यात 'क्रिएटिन ३ ग्रॅम, कधीपासून' हे मी स्वतः लिहितो. गेल्या खेपेला लॅबमधल्या पोरानं विचारलं, "काका, क्रिएटिनिन लिहायचंय का? स्पेलिंग चुकलंय तुमचं."