आधी मेल, मग बाकी सगळं

ऑक्टोबर संपत आला होता आणि गोव्यातल्या मांद्र्यात सीझनची लगबग सुरू होती. एका घरगुती गेस्टहाऊसमधून वहिनींचा सकाळीच फोन आला. पुण्याच्या एका कुटुंबाला बुकिंग पोर्टलच्या चॅटमधून निरोप गेला होता: कार्डाची पडताळणी राहिली आहे, या लिंकवर पैसे भरा, नाहीतर खोली रद्द होईल. निरोप गेस्टहाऊसच्याच नावाने होता, बुकिंगच्या खऱ्या तारखाही त्यात होत्या. त्या लोकांनी पैसे भरून टाकले होते.

म्हापशात मी लहान व्यावसायिकांची संगणकाची कामं पाहतो. फोनवर तीनच गोष्टी सांगितल्या. त्या कुटुंबाला लगेच स्वतःच्या बँकेशी आणि १९३० या सायबर हेल्पलाइनशी बोलायला लावा. पोर्टलला फोन करून आपलं खातं तात्पुरतं गोठवायला सांगा. आणि पासवर्ड मी येईपर्यंत बदलू नका.

ही तिसरी गोष्ट वहिनींना पटेना. मी पोचलो तेव्हा त्यांचे सासरे, गावात ज्यांना सगळे भाई म्हणतात, तेही अस्वस्थ होऊन बसले होते. पोर्टलचा पासवर्ड होता `Sateri@1985`, म्हणजे देवीचं नाव आणि जन्मसाल. मेलचाही तोच. वीज बिल, किराणा घाऊकवाला, जुनी शॉपिंग साइट, सगळीकडे तोच किंवा शेवटी एखादं चिन्ह जोडलेला. भाईंचा मेल पत्ता Have I Been Pwned या गळती तपासायच्या साइटवर टाकून पाहिला, तर तो एका जुन्या शॉपिंग साइटच्या गळतीत निघाला. अशा गळतीतल्या मेल-पासवर्डच्या जोड्या चोर प्रोग्रॅम लावून इतर साइटवर चालवून बघतात. पासवर्ड एकच असेल तर त्यांना काहीच फोडावं लागत नाही, ते सरळ दारातून आत येतात.

रिसेप्शनच्या संगणकावर पासवर्ड चोरणारं सॉफ्टवेअर असण्याची शक्यताही होतीच. तसं असतं तर नवे पासवर्डही टाइप करता करताच गेले असते. म्हणून तो संगणक बाजूला ठेवून त्यातलं सगळं पुसायला घेतलं आणि सगळं काम वहिनींच्या लॅपटॉपवर केलं.

सुरुवात मेलपासून, कारण पोर्टल असो की बँक, 'पासवर्ड विसरलात?' वर दाबलं की लिंक मेलवरच येते. मेलचा पासवर्ड बदलला, अनोळखी उपकरणं बाहेर काढली आणि सेटिंग्जमध्ये `Filters and Blocked Addresses` उघडलं. तिथे आम्ही कोणीच न बनवलेला एक नियम होता: पोर्टलच्या नावाचं प्रत्येक पत्र इनबॉक्स टाळून थेट कचऱ्यात. म्हणजे नवीन लॉगिनची सूचना देणारी पत्रं येत होती, पण घरात कोणाला दिसत नव्हती. सकाळीच पोर्टलचा पासवर्ड बदलला असता, तर चोराने मेलमधून तो पुन्हा बदलून घेतला असता. शिवाय खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल नंबर भाईंच्या जुन्या सिमचा होता, ते सिम बंद पडून बराच काळ झाला होता. असा नंबर कंपनी पुढे दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. तो काढून वहिनींचा घातला.

मग पासवर्ड मॅनेजर निवडायची वेळ आली, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत ठेवणारं ॲप, जे एकाच मास्टर पासवर्डने उघडतं. भाईंनी नेमकं विचारलं, "सगळ्या किल्ल्या एकाच कपाटात, आणि ते कपाट दुसऱ्याच्या घरात?" शंका रास्त होती. २०२२ मध्ये LastPass या अशाच एका मॅनेजरकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. पासवर्ड कूटबद्ध होते, पण कोणाचं खातं कोणत्या साइटवर आहे हे पत्ते उघडे होते. तिजोरी फुटणं न फुटणं प्रत्येकाच्या मास्टर पासवर्डवर आणि त्यापासून किल्ली बनवताना केलेल्या गणिताच्या आवर्तनांवर अवलंबून राहिलं; आवर्तनं जितकी जास्त, तितका चोराला प्रत्येक अंदाज तपासायला वेळ लागतो. काही जुन्या खात्यांत ही आवर्तनं फारच कमी ठेवलेली होती. म्हणून मी दोन गोष्टी पाहतो: साइटच्या पत्त्यांसकट सगळं कूटबद्ध होतं का, आणि उद्या बाहेर पडायचं झालं तर सगळी माहिती काढून घेता येते का.

KeePassXC मध्ये सर्व्हर नसतो, तिजोरीची फाइल आपल्याकडेच राहते. एकट्या माणसासाठी मला ते फार आवडतं. इथे मात्र भाई आणि वहिनी दोघे वेगवेगळ्या फोनवरून तीच फाइल बदलणार, आणि कोणाचा तरी बदल हरवणार. म्हणून Bitwarden घेतलं. त्याचा कोड खुला आहे आणि फुकट खात्यातही दोघांना काही पासवर्ड सामायिक ठेवता येतात. रिसेप्शनवरच्या मुलाला पासवर्ड दिलाच नाही, पोर्टलवर त्याचं वेगळं लॉगिन काढलं.

मास्टर पासवर्ड आम्ही फाशांनी काढला. पाच फासे टाकायचे, येणाऱ्या पाच आकड्यांसमोरचा शब्द ठरलेल्या यादीतून घ्यायचा, असं पाचदा. यादीत ७,७७६ शब्द असतात. पाच शब्दांच्या शक्यता साधारण २८ वर १८ शून्यं. देवाचं नाव, जन्मसाल यांची सवय सुटते ती इथे. तो कागद आणि लॉगिनचा दुसरा टप्पा अडला तर लागणारा रिकव्हरी कोड जमिनीच्या कागदपत्रांबरोबर कपाटात गेला. हा कोड तिजोरीच्या आत ठेवला तर अडचणीच्या वेळी उपयोगाचा नाही.

क्रोममधून जुने पासवर्ड काढले तेव्हा ११२ नोंदी निघाल्या. निर्यातीची CSV फाइल साधा मजकूर असते, कोणीही उघडून वाचू शकतो. आयात झाल्याबरोबर ती `Shift+Delete` ने काढली आणि डेस्कटॉप क्लाउडवर जात नाही ना हेही तपासलं. SSD वर पुसलेलं खरंच गेलं असं छातीठोक सांगता येत नाही. फाइल निरुपद्रवी होते ती तिच्यातले पासवर्ड बदलल्यावर. इथे लोक थांबतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. आयात झाल्यावर सगळं नव्या ॲपमध्ये नीट मांडलेलं दिसतं, पण पासवर्ड तेच फुटलेले असतात.

त्या दिवशी पोर्टल, बँक, आयकर, डोमेन आणि सोशल मीडियाची खाती बदलली. क्रम एकच ठेवला: आधी मॅनेजरमध्ये नवा पासवर्ड तयार करून जतन करायचा, मग साइटवर चिकटवायचा, लगेच लॉगआउट होऊन पुन्हा आत जाऊन बघायचं. एका बिलाच्या साइटने २४ अक्षरं मुकाट घेतली, पण आत १६ च साठवली, त्यामुळे पुन्हा लॉगिन होईना. लगेच तपासलं म्हणून तिथल्या तिथे कळलं. बाकीच्या नोंदी वहिनी रोज थोड्या थोड्या करणार होत्या. क्रोमचं पासवर्ड जतन करणं बंद केलं, फोनवर ऑटोफिल Bitwarden कडे दिलं. नाहीतर दोन ठिकाणी दोन पासवर्ड साठतात आणि कोणता खरा ते कळत नाही.

दिवाळीनंतर वहिनींचा फोन आला. पोर्टलकडून 'खातं पडताळा' असं पत्र आलं होतं, लिंक उघडली तर पान हुबेहूब तेच. "पण भाऊ, मॅनेजर पासवर्ड दाखवतच नाही. बिघडलाय का?" मी पत्ता वाचून दाखवायला सांगितला. पोर्टलच्या नावाच्या मध्ये एक जादा आडवी रेघ होती. मॅनेजर पान पाहत नाही, जतन केलेला पत्ता जुळतो का तेवढंच पाहतो. वहिनींनी पान बंद केलं, पत्र पोर्टलला पाठवलं आणि त्या आठवड्यात येणाऱ्या पाहुण्यांना स्वतः फोन करून सांगितलं की पैसे इथे आल्यावरच द्यायचे.