पावती होती, जोडी गेली

जुलैचा दुसरा आठवडा होता. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या तालुका कोर्टाच्या आवारात कडुनिंबाला पांढरी गवळाऊ जोडी बांधली होती. एका बाजूला माझे पक्षकार उभे होते, दुसऱ्या बाजूला बाजूच्या तालुक्यातले शेतकरी. दोघंही बैलांचे मालक म्हणून आले होते आणि दोघंही खरं बोलत होते.

माझ्या पक्षकारानं, म्हणजे काकाजींनी, मृगाच्या आधी गुरांच्या बाजारात ही जोडी 95 हजारांना घेतली होती. रुमालाखाली बोटं धरून भाव झाला, बाजार समितीची फी भरली, पावती फाडली. विकणारा ओळखीचा व्यापारी होता. पेरणी झाली आणि महिनाभरानं पोलीस दारात आले. जोडी चोरीची निघाली. पंचनामा झाला, बैल जप्त झाले.

"मॅडम, भर बजारात इकत घेतले, पावती हाये. डवरनी तोंडावर आली हाये. माहे बैलं सोडवून द्या," काकाजींचं एवढंच म्हणणं होतं.

चोरी केली होती त्या बाजूच्या तालुक्यातल्या मूळ मालकाच्याच सालदारानं. साल अर्ध्यात सोडून रात्री तो जोडी घेऊन निघाला, दोन दिवसांनी बाजारात स्वतःची म्हणून व्यापाऱ्याला 78 हजारांत विकली, आणि व्यापाऱ्यानं पुढच्या बाजारी ती काकाजींना दिली.

1930 च्या माल विक्री कायद्याचं कलम 27 सांगतं की विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क आहे तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. सालदाराचा हक्क शून्य, म्हणून व्यापाऱ्याचा शून्य, म्हणून काकाजींचाही शून्य. मधे कितीही प्रामाणिक हात आले तरी शून्याचं काही होत नाही. इंग्लंडात शेकडो वर्षं उघड्या बाजारातल्या खरेदीला वेगळं संरक्षण होतं. तिथे प्रामाणिकपणे घेतलेली वस्तू चोरीची असली तरी घेणाऱ्याची होत असे. तो नियम तिथेही 1994 साली कायदा करून काढून टाकला. आपल्या 1930 च्या कायद्यानं तो कधी घेतलाच नव्हता. त्यामुळे बाजार समितीची पावती सौदा कुणात झाला, कितीला झाला, एवढं सांगते. बैल कुणाचे होते, हे ती सांगत नाही.

तरी एक दार मला उघडं वाटत होतं. चोर बाहेरचा नव्हता. बैल मालकानं स्वतः त्याच्या हाती सोपवले होते. कलम 27 मध्येच अपवाद आहे: मालकाच्या वागण्यामुळे 'या माणसाला विकायचा अधिकार आहे' असा घेणाऱ्याचा समज झाला असेल, तर मालकाला नंतर हात वर करता येत नाहीत. शिवाय ज्याचा धंदाच दुसऱ्याचा माल विकण्याचा, अशा अडत्याकडे मालकानं माल स्वखुशीनं दिला आणि त्यानं धंद्याच्या रीतीनं विकला, तर प्रामाणिक घेणाऱ्याला हक्क मिळतो.

काकाजींच्या गावात बोललं जात होतं की या सालदारानं गेल्या वर्षी मालकाची गाय त्याच बाजारात विकली होती. हे खरं निघालं असतं तर बैल सोडवून घ्यायचा अर्ज लढवण्यासारखा होता. मी बाजार समितीत जाऊन मागच्या वर्षीची पावती पुस्तकं पाहायला मागितली. गाईची नोंद सापडली. विकणारा म्हणून मालकाचं नाव होतं, अंगठा नव्हे तर मालकाची सही होती. सालदारानं फक्त गाय हाकत आणली होती. चारापाणी करायला, औत हाकायला बैल हाती देणं म्हणजे विकायचा अधिकार देणं नव्हे. नोकराच्या हातातली वस्तू कायद्यानं मालकाच्याच ताब्यात असते, आणि त्यानं ती पळवली तर भारतीय न्याय संहितेत त्याला वेगळं कलम आहे, 306. दार तिथेच बंद झालं.

मालकानं जोडी एखाद्या ठगाला विकली असती आणि ठगाचा चेक परत आला असता, तर निकाल उलटा लागू शकला असता. तिथे मालकानं फसून का होईना, विकायला संमती दिलेली असते. त्यानं तो सौदा मोडायच्या आत एखाद्या प्रामाणिक माणसानं जोडी घेतली, तर माल विक्री कायद्याचं कलम 29 घेणाऱ्याच्या बाजूनं उभं राहतं. चोरीत संमतीच नसते. पक्षकार आला की मी आधी हेच शोधते, माल मालकाच्या हातून सुटला कसा.

कोर्टात ओळख पटायला वेळ लागला नाही. एका बैलाच्या कानात पिवळा बिल्ला होता, त्याचा बारा आकडी नंबर पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नोंदीत मालकाच्या नावावर निघाला. दुसऱ्याचा कान फाटलेला होता. त्यावरून सरकारी बाजूनं विचारलं, बिल्ला तोडलेला दिसत असताना काकाजींना संशय कसा आला नाही? इथे पावती कामी आली. काटेरी कुंपणात बिल्ले तुटतात, हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. चालू भाव, दिवसाढवळ्या सौदा, ओळखीचा व्यापारी. चोरीचा माल घेतल्याचा ठपका काकाजींवर बसला नाही, ते साक्षीदारच राहिले. त्यांच्या प्रामाणिकपणानं त्यांना गुन्ह्यातून वाचवलं, बैल वाचवायला तो पुरला नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 497 खाली जोडी एक लाखाच्या बंधपत्रावर मालकाच्या सुपूर्दनाम्यावर गेली. खटला संपेपर्यंत विकायची नाही, बोलावलं तर हजर करायची. मालकी हक्काचा अखेरचा फैसला हा आदेश करत नाही, तो दिवाणी कोर्टाचा विषय. पण दिवाणीतही आपल्या हाती काही लागणार नाही, हे मी काकाजींना तिथेच सांगितलं.

"म्हनजे पैसे बी गेले अन् बैलं बी?"

मला त्यांच्याकडे बघवेना. तरीही हा नियम मला बरोबर वाटतो. बाजारात नेऊन एका भल्या माणसाच्या गळ्यात बांधलं की चोरीचा बैल धुतला जातो असं ठरलं, तर कुणाचाच गोठा शाबूत राहणार नाही. आमच्याकडे पाच एकरवाल्याची निम्मी पुंजी गोठ्यात उभी असते.

पैसे मात्र गेले नव्हते. माल विक्री कायद्याचंच कलम 14 म्हणतं की विकणाऱ्याला विकायचा हक्क आहे, ही अट प्रत्येक विक्रीत न बोलता असतेच. व्यापाऱ्यानं ती मोडली होती. तो स्वतःही फसला होता, पण त्यानं त्याची जबाबदारी टळत नाही. मी त्याला नोटीस दिली. व्यापारी म्हणाला, पेरणी तर बैलांनीच करून दिली, तेवढे कापून घेतो. त्याच्या वकिलाला मी 1923 चा इंग्लंडातला निकाल दाखवला. तिथे चोरीची मोटार घेणाऱ्यानं ती काही महिने वापरली होती, तरी कोर्टानं त्याला पूर्ण किंमत परत मिळवून दिली, कारण त्यानं पैसे मालकीसाठी मोजले होते आणि मालकी त्याला क्षणभरही मिळाली नव्हती. इंग्लंडचा निकाल आपल्या कोर्टाला बंधनकारक नाही, पण तर्क तोच. सौद्याचा आकडा पावतीवर छापील होता, त्यामुळे 95 हजारांवर वाद घालता आला नाही. चाळीस हजार लगेच आले, बाकीचे दिवाळीपर्यंत मिळाले.

तोवर काकाजींनी डवरणी भाड्याच्या जोडीनं करून घेतली. तो खर्चही मी मागितला होता, समझोत्यात सोडावा लागला.

सालदाराला पकडलं तेव्हा त्याच्याजवळ काही हजार रुपये सापडले, ते कोर्टात जमा आहेत. त्याला शिक्षा झाली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 499 खाली त्यातून प्रामाणिक घेणाऱ्याला भरपाई देता येते, पण थेट चोराकडून घेणाऱ्यालाच. काकाजी त्यात बसत नाहीत, व्यापारी बसतो, आणि त्यालाही जोडी मालकाला परत मिळाल्यावरच. त्याच्या वकिलाला मी हे सांगून ठेवलं आहे. खटला अजून चालू आहे.