डबा हलवून घ्या

"दूधसुद्धा घेत नाही तुम्ही, मग बी-ट्वेल्व आणि कॅल्शियम मिळतं तरी कुठून?"

बी-ट्वेल्व डब्यातून. म्हणजे ते वरून घातलेल्या सोया दुधातून आणि गोळीतून. ते जिवाणू तयार करतात. पालेभाज्या किंवा कडधान्यांवर त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. स्पिरुलिना हे शेवाळ सुचवू नका. त्यात असतं ते बहुतेक शरीराला न चालणारं रूप.

दूध सोडल्यावर कित्येक वर्षं मला काहीच झालं नाही, कारण यकृतात साठा असतो. मग तळपायांना मुंग्या यायला लागल्या. पहिल्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघितलं, उत्तम होतं. "थकवा असेल," म्हणाले. पालेभाज्या-कडधान्यांतून फोलेट भरपूर मिळालं की बी-ट्वेल्व कमी असूनही रक्तक्षय दिसेलच असं नाही, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. दुसऱ्या डॉक्टरांनी ट्यूनिंग फोर्क वाजवून माझ्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला. "थरथर थांबली की सांगा." मी लगेच म्हटलं, थांबली. त्यांनी तोच फोर्क उचलून माझ्या मनगटावर ठेवला. तो थरथरतच होता. मी काही बोलले नाही, तेही नाही. रिपोर्टमध्ये बी-ट्वेल्व तळाला होतं. इंजेक्शनं झाली, मुंग्या गेल्या. बोटांची टोकं अजून कधीकधी बधिर वाटतात.

आता हिशेब. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 2.4 मायक्रोग्रॅम लागतं. माझ्या डब्यावर 100 मिलीला 0.38 लिहिलंय, म्हणजे 200 मिलीच्या ग्लासात पाऊण मायक्रोग्रॅम. तीन ग्लास प्याले तरी 2.28. शिवाय एका वेळी शरीर दीड-दोन मायक्रोग्रॅमच नीट शोषतं, पुढचं जेमतेम एक टक्का. म्हणून आठवड्याची गोळी 2000 मायक्रोग्रॅमची असते आणि थोडं थोडं घ्यायचं तर रोज, दोन-तीनदा.

"म्हणजे आहार अपुराच ना?" हे मीच मला विचारते. डब्यातलं आणि गोळीतलं, दोन्ही जिवाणूंकडूनच आलेलं, असं उत्तर देते. पटतं, पूर्ण नाही.

कॅल्शियमचं तसं नाही, ते जेवणातून जमतं. पण पालक मोजू नका. ऑक्झलेटमुळे त्यातलं पाच टक्क्यांच्या आसपासच अंगी लागतं. केल ही पालेभाजी घ्या, किंवा टोफू. टोफूच्या पाकिटावर कॅल्शियम सल्फेट लिहिलंय का ते बघा. नुसतं मॅग्नेशियमच्या क्षाराने घट्ट केलेल्या टोफूत कॅल्शियम बरंच कमी असतं. आणि सोया दुधाचा डबा? त्यात घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं. न हलवता ओतलं तर लेबलवरच्या, 100 मिलीमागच्या 120 मिलिग्रॅमपैकी बरंचसं डब्यातच राहतं. काही ऑरगॅनिक डब्यांत तर काही घातलेलंच नसतं, आणि समोरून ते अगदी तसेच दिसतात. मागची बाजू वाचा.