टाळ्या

परवा पी.टी.च्या तासाला मैदानाच्या तीन फेऱ्या दिल्या. सगळी पोरं संपवून पाणी प्यायला लागली, सहावीतला एक जण मात्र अजून एकटाच पळत होता. मी मनापासून ओरडलो, "शाब्बास!" मग सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. तो पळतापळता पोटावरचा शर्ट ओढून सैल करत होता.

जवळ आल्यावर हळूच म्हणाला, "सर, टाळ्या नको ना."

दोन दिवस ते डोक्यातून जाईना.

आज फेऱ्या मोजल्याच नाहीत. पाच मिनिटं, ज्याला जमेल तसं पळा किंवा भराभर चाला, फक्त शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. शिट्टी वाजली, सगळे जिथल्या तिथे एकदम थांबले. शेवटचा कोण, हे दिसलंच नाही. त्याचा हात शर्टाकडे गेला नाही.

लंगडीत मात्र जो आधी बाद होतो, तोच सगळ्यात जास्त वेळ बसून राहतो. तिथे तुम्ही काय करता?